स्पेसच्या पट्टीवरची धूळ

ताईंच्या कीबोर्डवर स्पेसच्या लांब पट्टीवर धूळ बसली होती. बाकीच्या कळा बोटं लागून लागून चकचकीत झालेल्या, काहींवरची अक्षरंही पुसट झालेली. आणि खालची ती पट्टी मात्र कपाटावरच्या वहीसारखी. कंबोडियाचं काम सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यातच मला ती दिसली होती. मी काही बोलले नाही.

नगरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर लोखंड घासल्याचा आवाज यायचा आणि तो पायांतून वर चढायचा. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. इंटरनेट हा शब्द नगरमध्ये लोक जरा जपूनच उच्चारायचे. आम्ही परदेशातले कागद टाइप करून द्यायचो. सर, म्हणजे आमचे मालक, पुण्यातल्या एका माणसाकडून काम आणायचे, फ्लॉपीत भरून परत पुण्याला पाठवायचे आणि तिथून ते कुठे कुठे जायचं. टाइप करणाऱ्या दोघी होत्या. एक ताई, त्या सोनईहून रोज एसटीने येत. दुसऱ्या वहिनी, त्या सावेडीत राहायच्या आणि त्यांना कशाचंही हसू यायचं. मी तपासनीस होते. खरं तर मला ठेवलं होतं ते इंग्रजी पत्रं वाचायला. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हणून वहिनी मला ‘मिस’ म्हणायच्या.

“मिस आल्या, उभं राहा सगळे,” असं सकाळी त्या म्हणत आणि मी खाली बघून खुर्चीत बसत असे. मला उलट उत्तर सुचायचं, पण ते एसटी स्टँडपर्यंत पोचल्यावर.

मी तिथे फार बोलत नव्हते याला आणखी एक कारण होतं. गाव कोणतं असं विचारलं की मी पुणतांबा सांगायचे, ते खरंच होतं. वडील बँकेत, बदल्या होत राहिल्या, हेही खरं. आमचं आडनाव असं होतं की त्यावरून काही कळत नसे. रविवारी सकाळी आम्ही विहारात वंदनेला जातो, हे मी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. दुपारी एक वाजता तिघी डबे मधोमध ठेवायचो आणि जिला जे हवं ते उचलायचो. ताईंना माझ्या आईच्या हातची लसणाची चटणी फार आवडायची. त्या भाकरीच्या तुकड्याने डब्याची कडसुद्धा पुसून घ्यायच्या.

ते काम आलं तेव्हा सर खुशीत होते. ख्मेर भाषा, कंबोडियाची. अमेरिकेत राहणाऱ्या तिथल्या लोकांना आपलं प्रार्थनेचं पुस्तक वेबपानावर हवं होतं. झेरॉक्सचा गठ्ठा, एक फॉन्ट आणि कोणत्या कळीवर कोणतं अक्षर आहे याचा तक्ता, एवढं पुण्याहून आलं.

“जिलेबीचा कारखाना काढायचाय आपल्याला,” सर अक्षरांकडे बघून म्हणाले. “पण हे चांगलं झालं तर पुढची दोन वर्षं जिलेबीच. ताई, तुमच्या भरवशावर घेतलंय. वहिनी जुनंच काम पुढे चालवतील.”

ताई मान डोलावून म्हणाल्या, “आकार बगायचा आन् कळ दाबायची. वाचायचं कुनाला हाय?”

त्यांचं खरंच तसं होतं. न समजणारी लिपी त्या आमच्यापेक्षा वेगाने टाइप करत, कारण त्या अर्थाच्या वाटेला जातच नसत. सोनईत टायपिंगचा क्लास करून, सासूशी वर्षभर न बोलता, त्यांनी ही नोकरी मिळवली होती. सासूने एकच सांगून ठेवलं होतं, एकदा का तिथनं काढलं की परत उंबरा ओलांडायचा नाही. हे ताई हसत सांगायच्या, पण महिन्यातून दोनदा तरी सांगायच्या.

कागदांबरोबर एक इंग्रजी मेल होती. ती मी वाचून ताईंना मराठीत सांगायची होती. कोणत्या कळीने पूर्णविराम येतो, पॅरा संपल्याशिवाय एंटर मारायचा नाही, ओळीमधली दिसणारी मोकळी जागा कोणत्या कळीवर आहे, असं सगळं. शेवटून दुसरं वाक्य असं होतं, की ख्मेरमध्ये शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत, तरीही प्रत्येक शब्द संपला की स्पेसची पट्टी दाबा. या फॉन्टमध्ये त्या स्पेसची रुंदी शून्य आहे. ती दिसणार नाही, पण ब्राऊझरला ओळ कुठे मोडायची ते तिच्यावरूनच कळतं.

मला ते वाक्य पूर्ण समजलं. मला हेही समजलं की शब्द कुठे संपतो हे आमच्यापैकी कुणालाच कळणार नाही. कागदावर तर सगळं सलग. म्हणजे हे सरांना जाऊन विचारायला हवं होतं. सरांच्या केबिनमध्ये पुण्याचा माणूस बसलेला होता, चहा आलेला होता, दोघे मोठ्याने हसत होते. मी दारापर्यंत गेले आणि परत आले.

“मग त्या लांब पट्टीचं काय?” ताईंनी विचारलं. “दाबायची का न्हाई?”

“कागदावर आहे तसंच करायचं,” मी म्हणाले. “जिथे जागा दिसत नाही तिथे जागा द्यायची नाही.”

“झालं तर मग. एक कळ कमी.”

ते वाक्य मी उद्या विचारीन, असं ठरवलं होतं. उद्या ताईंची चार पानं झाली होती. परवा नऊ. जितकी पानं वाढत गेली तितकं ते वाक्य जड होत गेलं. मेलचा कागद मी फाइलमध्ये सगळ्यात खाली घातला. लपवला असं मी तेव्हा म्हटलं नसतं. आमच्या पडद्यावर काही बिघडलेलं दिसतही नव्हतं. टाइप करायचा प्रोग्रॅम ओळ भरली की समासापाशी कापून खाली नेत होता, जिथे येईल तिथे. आम्हाला ते वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते बरोबरच होतं.

महिनाभराने पुण्याच्या माणसाने पानं वेबवर चढवून बघितली आणि फोन केला. सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि ब्राऊझर उघडून दाखवला. पान म्हणजे एकच ओळ होती. पडद्याच्या उजव्या कडेतून ती बाहेर गेली होती आणि खाली सरकपट्टी आली होती. सर ती पट्टी ओढत राहिले, अक्षरं सरकत राहिली, संपेनात. बाजूचा मजकूर, चित्र, सगळं ढकललं जाऊन कुठेतरी लांब गेलं होतं.

“हे काय आहे? मालगाडी?” सर म्हणाले.

वहिनींना हसू आलं, त्यांनी ते पदरात दाबलं.

पुण्याच्या माणसाने आधी स्वतःच्या डोक्याने इलाज करून पाहिला होता. दर साठ अक्षरांनंतर ओळ तोडायची. तेही सरांनी दाखवलं. आता ओळी होत्या, पण अमेरिकेतल्या त्या लोकांनी ते बघून जास्तच नाराजीचं उत्तर धाडलं होतं. अक्षरंच फाटली आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. मी जवळून पाहिलं. आपली पहिली वेलांटी जशी अक्षराच्या डाव्या बाजूला येते, तसं त्यांचं एक चिन्ह डावीकडे येतं, आणि या फॉन्टमध्ये ते आधी टाइप होतं. ओळीच्या शेवटी ते चिन्ह एकटं लटकत होतं आणि ज्याचं ते होतं ते व्यंजन खालच्या ओळीच्या सुरुवातीला बसलं होतं. डोकं एका घरात आणि धड दुसऱ्या घरात.

“ताई, स्पेस कुठेच दिलेली नाही म्हणतात. एकही नाही,” सर म्हणाले. “हात चालतो तुमचा, त्याबरोबर डोकं पण चालवत जा ना जरा.”

“कागदावर नव्हती, सर.”

“सोमवारी फोन आहे त्यांचा. तोवर नमुन्याची दहा पानं नीट झाली नाहीत तर काम परत जाणार. आणि मग मला सांगा, मी कुणाला कशासाठी ठेवू?”

ते कुणाकडे बघून म्हणाले हे सांगायला नको. ताईंच्या मानेवरची शीर हललेली मला दिसली. त्या माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण त्यांनी बघितलं नाही. दोष माझा असेल असं त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी जागेवर येऊन फाइल उघडली. ख्मेरच्या फॉन्टमध्ये बघवेना म्हणून ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली. तिथे अर्थातच सगळी इंग्रजी अक्षरं दिसली, कारण तो फॉन्ट म्हणजे इंग्रजी कळांवर चढवलेले मुखवटे होते. अर्थहीन अक्षरांची सलग रांग. पहिल्या पानावर वरच्या तीन ओळी एकसारख्या होत्या, हे मला आधीपासून माहीत होतं. तपासताना तो आराम होता, एक तपासली की तिन्ही झाल्या. आता त्यांची इंग्रजी सुरुवात वाचली. एन, ई, एम, ए. मग टी. मग एस.

नेमा, मी मनात म्हटलं. मग ताईंच्या तक्त्याकडे पाहिलं. ई म्हणजे ते डावीकडचं, आधी येणारं चिन्ह. ए म्हणजे काना. ते दोन्ही मधल्या एमचे होते, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्ही मिळून ओकार. न. मो. आणि पुढे त, आणि स, आणि त्या सच्या पायाशी आणखी एक बारका स. नमो तस्स.

तीनदा.

महिनाभर मी ही पानं तपासत होते. दर रविवारी जे म्हणत होते तेच, आकार आकार करत, एका बोटाने पुढे सरकत. ती ख्मेर नव्हतीच. लिपी त्यांची, भाषा पाली. खाली शरण जाण्याच्या तीन ओळी, त्याच्याखाली पंचशील. वेरमणी हा शब्द पाच वेळा आला पाहिजे, मी मोजला, पाच वेळा होता.

लहानपणी मी हे सगळं एका दमात म्हणायचे. विहारात सगळेच सलग म्हणत, त्यामुळे मला वाटायचं तो एकच लांब शब्द आहे. वडिलांनी मला समोर बसवून शब्द तोडून म्हणायला शिकवलं. शब्द संपला की ते बोटाच्या पेराने पाटावर टक् करत. आवाज म्हणण्याच्या मध्ये येत नसे, पण कुठे थांबायचं ते कळायचं. मी नोटपॅडमध्ये पहिल्या शब्दानंतर कर्सर नेला आणि स्पेस दाबली. मग पुढच्या शब्दानंतर. हळूहळू ओठ हलायला लागले असावेत.

“मिस काय पुटपुटतायत?” वहिनी म्हणाल्या. “काम होत नाही म्हणून नवस बोलताय का काय?”

मी थांबले. मग ओठ मिटून पुढे चालू केलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला दहा पानं झाली. ती ब्राऊझरमध्ये उघडली. ख्मेर फॉन्टमध्ये काहीच बदललेलं दिसत नव्हतं, तीच सलग अक्षरं, कुठे फट नाही. पण ओळी समासाच्या आत होत्या. मी ब्राऊझरच्या खिडकीची कड धरून ती आत ढकलली. ओळी वळल्या. आणखी ढकलली, आणखी वळल्या, प्रत्येक वेळी पुरा शब्द उचलून खाली नेत.

“आगं, वळली की!” ताई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सर, या हिकडं, बगा तरी.”

सर आले. त्यांनीही खिडकी दोन-तीनदा आत-बाहेर केली, लहान मुलासारखी.

“कसं काय जमवलं? शब्द कुठे संपतो हे तुला कसं कळलं?”

मी काहीतरी सांगू शकले असते. पुस्तकात मिळालं, मैत्रिणीला विचारलं. इंग्रजीत सांगायचं असतं तर कदाचित सांगितलंही असतं.

“हे पाली आहे,” मी म्हणाले. “आमच्या घरी म्हणतात. लहानपणापासून पाठ आहे.”

खाली वर्कशॉपमधलं मशीन नेमकं त्याच वेळी बंद झालं होतं.

“अच्छा,” सर म्हणाले. “अच्छा, अच्छा. म्हणजे तुम्ही... बरं बरं. छान झालं की मग.” इतके दिवस ते मला ‘तू’ म्हणायचे. त्या दिवसापासून ‘तुम्ही’ झालं, आणि ते मानाचं नव्हतं.

ताईंचा हात खांद्यावरून निघाला. झटकन नाही. पदर सावरायचा होता म्हणून निघाल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी एक वाजता वहिनींना पोटात बरं नव्हतं, त्यांनी डबा उघडला नाही. ताईंनी डबा मधे ठेवला, पण हाताच्या आडोशाला. चटणी घ्या, मी म्हणाले. “आज नगं बाई, घसा धरलाय,” त्या म्हणाल्या. मी चटणी परत घरी नेली. आईने डबा उघडून पाहिला. तिला असले डबे ओळखता येत होते.

सोमवारी पुण्याचा फोन आला. दहा पानं त्यांना आवडली. पण वंदनेची पानं तेवढीच होती. पुढचा सगळा गठ्ठा कुणा भिक्खूचं प्रवचन होतं, ते खऱ्या ख्मेरमध्ये. मी तेही वाचून पाहिलं. मधेच एखादा ओळखीचा शब्द डोकवायचा, धम्म, दुक्ख, आणि परत सगळं बंद. शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे ती भाषा येणाऱ्यालाच कळणार. आम्ही कुठेही पट्टी दाबली असती तर ओळ वळली असती, पण चुकीच्या जागी. काम परत मागवत आहोत, पुण्याचा माणूस म्हणाला. आणि मग त्याने विचारलं की हे सगळं मेलमध्ये पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहिलेलं होतं, त्याचं काय झालं? तेव्हाच कळवलं असतं तर तिकडच्या माणसाने कागदावर शब्दाशब्दाला पेन्सिलीने रेघ मारून पाठवलं असतं. एवढंच तर करायचं होतं.

सर फोन ठेवून बाहेर आले.

“मेलमध्ये स्पेसचं लिहिलेलं होतं?”

“हो,” मी म्हणाले.

“आणि तुम्ही यांना सांगितलं होतं.”

तो प्रश्न नव्हता. मी तोंड उघडलं. सर माझ्या उत्तरासाठी थांबलेच नाहीत.

“सांगितलं असणारच. एवढं सगळं यांनीच तर दुरुस्त केलं. ज्याला कळतं तो सांगतोच. ताई?”

ताई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आठवायचा प्रयत्न करत. मला वाटलं आता त्या म्हणतील, हिनं तर उलटं सांगितलं. मला वाटलं, म्हणू दे.

“सांगितलं असंल,” त्या म्हणाल्या. “माज्याच ध्यानात न्हाई ऱ्हायलं. हात लई पुडं पळतो माजा.”

मी तोंड मिटलं.

ताईंना महिनाअखेरपर्यंत या असं सांगण्यात आलं. सर तसे वाईट नव्हते, त्यांनी आवाज चढवला नाही. वहिनी त्या दिवसांत हसल्या नाहीत. मी रोज सकाळी ठरवून यायचे. मेलचा कागद फाइलमधून काढायचा, सरांच्या टेबलावर ठेवायचा आणि सांगायचं. वाक्य तयार होतं, इंग्रजीतही आणि मराठीतही. रोज दारापर्यंत जायचे. आणि दारापाशी मला वाटायचं की आता हे सांगितलं, तर ‘हे लोक तसलेच’ म्हणतील. एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा मी कोण आहे हे सांगायचं माझ्यात बळ नव्हतं. हे कारण खरं होतं. पण त्याच्या आड उभं राहणं किती सोपं होतं, हेही मला तेव्हाच दिसत होतं.

शेवटच्या दिवशी एक वाजता ताईंनी आपला डबा मधोमध ठेवला. मग हात पुढे करून माझा डबा स्वतःकडे ओढला, झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावून खाल्ला. वहिनी बघत होत्या. ताई सावकाश चावत होत्या.

“त्या दिशी घसाबिसा काय धरला नव्हता,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “लई वाईट वागले मी तुज्याशी. मनात धरू नगं.”

मी मान हलवली.

“आन् तुला एवडं सगळं येत हुतं तर आदी सांगायचं की, बाय. कोन खातंय का तुला?”

त्या वंदनेबद्दल म्हणत होत्या. त्यांनी नेहमीसारखी भाकरीच्या तुकड्याने डब्याची कड पुसून घेतली.

निघताना त्यांनी स्वतःचं टेबल आवरलं. तक्ता घडी करून खणात ठेवला. मग पदराच्या टोकाने कीबोर्ड पुसला, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटी ती लांब पट्टी, दोनदा, कारण एकदा पुसून ती धूळ निघाली नाही. पुसताना पट्टी दाबली गेली. त्यांचा कॉम्प्युटर चालूच होता, पडद्यावर प्रवचनाचं शेवटचं पान होतं. कर्सर जिथे होता तिथेच राहिला, काहीही हललं नाही.

त्यांची सोनईची गाडी साडेपाचची होती. मी तपासायला घेतलेलं पान पुढ्यात धरून बसून राहिले.